वाढण्याआधी या

चिंचवड स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर उद्धवराव सराफांचं दुकान होतं. दाराशी एक काळी पाटी टांगलेली असे. त्या पाटीवर रोज सकाळी सोन्याचा भाव लिहायचं काम त्यांच्या बायकोचं, सावित्रीबाईंचं. शाळा त्यांनी दुसरीपर्यंतच पाहिलेली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर वाचून कमावलेलं. पण अक्षर टपोरं. भावाखाली एखादी ओळ मनची लिहायची सवय होती. "झुमक्यांच्या फिरकीचे मळसूत्र ढिले झाले असेल तर आवळून न्या, मजुरी नाही." असलं काहीतरी. बाया पाणी भरून जाताना ती ओळ वाचायच्या. जिला वाचता येत नसे ती दुसरीला विचारायची.

त्या वर्षी मात्र उद्धवरावांना पाटीची लाज वाटायला लागली. पिंपरीच्या नव्या बाजारात एक झगझगीत दुकान निघालं होतं, काचेच्या कपाटात विजेचे दिवे लावलेलं. पेनिसिलीनच्या कारखान्यातल्या लोकांच्या बायका तिकडे जायला लागल्या होत्या. दसरा ते दिवाळीचा पाडवा या वीस दिवसांवर दुकानाचं आणि कारागीर ज्योतीरामच्या घराचं वर्ष उभं राहायचं. ते वीस दिवस हातचे गेले तर ज्योतीरामलाच त्या झगझगीत दुकानात नोकर म्हणून बाकड्यावर बसावं लागलं असतं. उद्धवरावांना त्यापायी झोप लागेना. त्यांनी पुण्याहून लक्ष्मणराव नावाचे जाहिरातवाले आणले.

लक्ष्मणरावांनी चहा घेतला आणि वही उघडली.

"ऐका. 'आज चुकाल, वर्षभर हळहळाल.' कसं वाटतं? दुसरं, 'शेजारीण घेऊन गेली, तुम्ही?'"

सावित्रीबाई बशा उचलायला आल्या होत्या. तिथंच थांबल्या.

"कुठली शेजारीण?"

"कुठलीही हो वहिनी. जाहिरातीतली."

"इथं जाहिरातीतली शेजारीण राहत नाही. इथं मंजुळाबाई राहते, तिच्या शेजारी कुशाबाई. कुशाबाईच्या नवऱ्याला काम लागलं नाही अजून. तिला काय वाटेल हे वाचून?"

"तिला वाटावं म्हणूनच तर लिहायचं!" लक्ष्मणराव हसले. "माणसाला टोचलं की माणूस उठतो."

"टोचायला आम्ही कान टोचतो, तेवढं पुरे."

उद्धवरावांना हसू आलं, पण पाहुण्यासमोर त्यांनी ते गिळलं. लक्ष्मणरावांनी शेजारीण खोडली. मग म्हणाले, "बरं, हे तरी चालेल? 'मंगळसूत्राचे भाव वाढण्याआधी या!' यात कुणाचं काही नाही."

"वाढणार आहेत का भाव? मुंबईहून काही कळलंय?"

"वाढतील, नाही वाढणार. म्हणायला काय जातं?"

सावित्रीबाईंनी बशा इतक्या जोरात ठेवल्या की एकीचा टवका उडाला. "आमच्या पाटीवर बारा वर्षांत खोटा आकडा चढला नाही," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. आत जाऊन त्यांनी विनाकारण दोन भाकऱ्या जास्त थापल्या.

त्या तिथं थांबायला हव्या होत्या. कारण त्या गेल्यावर पेंटर आला. सहा हात मांजरपाट, लाल रंग. पेंटर म्हणाला, गाडीतल्या माणसाला दिसायचं तर अक्षर हातभर पाहिजे, आणि हातभर अक्षरात एवढं वाक्य मावत नाही. तिघा पुरुषांनी डोकी जुळवली. लक्ष्मणराव म्हणाले, "'चे भाव' काढून टाका. सराफाचं दुकान आहे, वाढणार ते भावच, दुसरं काय वाढणार?" उद्धवरावांनी मान डोलावली. पेंटरनं कुंचला बुडवला.

खंडेनवमीच्या संध्याकाळी ज्योतीराम आपल्या हातोड्या, चिमटे, फुंकणी मांडून पूजा करत होता तेव्हा बाहेर कापड चढलं आणि काळी पाटी आत गेली. सावित्रीबाई घरात पुरण वाटत होत्या.

दसऱ्याच्या सकाळी उद्धवराव नवं धोतर नेसून गादीवर बसले. बाया येताना दिसत होत्या. रस्त्याच्या वळणावर येत, वर बघत, एकमेकींच्या दंडाला हात लावत, आणि परत फिरत. एक आली, पायरीवर पाय ठेवला, आणि पदर गळ्याभोवती घट्ट ओढून चालती झाली. उद्धवरावांना वाटलं, दाराशी काही मेलं-बिलं आहे की काय. खाली वाकून बघितलं. काही नव्हतं.

दहाच्या सुमाराला काळेवाडीहून गवराबाई आल्या. बागाईतवाल्या, दर दसऱ्याला गुंजभर का होईना सोनं घेणाऱ्या. त्यांना वाचता येत नव्हतं. बरोबर कौशल्याबाई होती. ती साताऱ्याकडची, नवरा कारखान्यात. आठ दिवसांपूर्वी त्याच्या अंगावर लोखंडी पिंप घसरलं होतं आणि तो ससूनमध्ये पडून होता. तिच्या मंगळसूत्राचा दोरा विरला होता, तो बदलायला ती आली होती.

"काय लिवलंय गं एवढं मोठं?" गवराबाईंनी विचारलं.

कौशल्याबाईनं वाचलं. पहिल्यांदा मोठ्यानं, मग आवाज कुठंतरी गेला.

"मंगळसूत्र... वाढण्याआधी... या."

गवराबाई गपकन थांबल्या. "काय? पुन्यांदा वाच."

"न्हाई वाचत." कौशल्याबाईचा हात गळ्याशी गेला होता.

"अहो सराफ!" गवराबाई पायरीवरूनच कडाडल्या. "भाईर या! सणाच्या दिशी आमच्या गळ्यातलं वाढायची वाट बघताय व्हय? आमी काय केलंय तुमचं?"

उद्धवराव गोंधळून बाहेर आले. "अहो, भाव हो! भाव वाढण्याआधी!"

"कुठं हाय भाव? दाखवा. हिला वाचता येतंय. कुठं हाय गं?"

"न्हाई," कौशल्याबाई म्हणाली. मग उद्धवरावांकडे बघत, अगदी हळू, "माझे मालक ससूनमध्ये आहेत. हे तुम्हांला ठाऊक होतं. तुमच्याच दुकानात परवा चहा पिताना सांगितलं होतं मी."

आरडाओरडा ऐकून सावित्रीबाई हात पुसत बाहेर आल्या. वर बघितलं. सहा हात लांब, हातभर उंच, लालभडक. गळ्यातला दोरा तुटला तरी बाई तुटला म्हणत नाही, वाढला म्हणते. बांगडी फुटली तर वाढवली. आणि मंगळसूत्र वाढलं म्हणजे काय, ते कुणी शब्दांत बोलतसुद्धा नाही. हे चिंचवडातल्या कुठल्याही सात वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं. तीन मिशीवाल्यांना नव्हतं.

"अहो, हे कुणी वाचून बघितलं होतं का?"

"तिघांनी वाचलं," उद्धवराव म्हणाले.

"एखाद्या बाईनं?"

उद्धवरावांनी वर कापडाकडे बघितलं.

"दागिना बाईचा, गळा बाईचा, आणि शब्द तेवढा तुमचा! मी आत पुरण वाटत होते. दहा पावलांवर. हाक मारली असतीत तर तुमचं काय वाढलं असतं?"

ज्योतीराम शिडी आणायला वळला, पण सावित्रीबाई थांबल्या नाहीत. दुकानातलं स्टूल ओढलं, नऊवारीचा काचा खोचला आणि चढल्या. दोरीची गाठ सुटेना तेव्हा त्यांनी ज्योतीरामची कातर मागून घेतली. भर रस्त्यात, दसऱ्याच्या दिवशी, सराफाची बायको स्टुलावर उभी राहून कापड कापते आहे, हे बघायला निम्मं चिंचवड जमलं. कापड खाली आलं. कौशल्याबाई मात्र तोवर निघून गेली होती.

दुपारी लक्ष्मणराव पुण्याहून आपट्याची पानं घेऊन आले, जाहिरातीचा गुण बघायला. सगळं कळल्यावर म्हणाले, "अहो वहिनी, लोकांच्या तोंडी तर झालं ना दुकान? चर्चा झाली, हेच पाहिजे."

सावित्रीबाईंनी त्यांच्या हातातली पानं घेतली नाहीत. "तुमच्या घरात कुणी आजारी असताना तुमच्या दारावर लावू का? चर्चा होईल."

लक्ष्मणराव पाचच्या गाडीनं गेले.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी उजाडताच सावित्रीबाई पाटी पुन्हा दाराशी टांगून खडू घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या. उद्धवराव मागे. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता काय लिहिणार? माफी मागितली म्हणून बाया येतील? पाडव्याला अठरा-एकोणीस दिवस उरलेत. घाई तर लावायला हवी ना लोकांना."

"घाई खरी आहे का आपल्याकडे?"

"म्हणजे?"

सावित्रीबाईंनी आत हाक मारली. "ज्योतीराम! पाडव्यापर्यंत किती मंगळसूत्रं होतील तुझ्याकडून? नीट, घाईचं काम नको."

ज्योतीरामनं बोटांवर हिशेब केला. "वाट्या ठोकायच्या, डाग देऊन जोडायच्या, मग ओवायची. कोजागरीपर्यंत कामं आली तर पंधराएक. त्यानंतर आलेलं पाडव्याला न्हाई व्हायचं वहिनी. हात दोनच हायेत."

"झालं की." सावित्रीबाई पाटीकडे वळल्या. आज भावसुद्धा लहान लिहिला आणि खाली सगळी पाटी भरून काढली:

"काल आमच्या दारावर वाईट शब्द लागला. तो न विचारता लिहिला गेला, चूक आमची. पाडव्याला गळ्यात घालायचे असेल त्यांनी कोजागरीपर्यंत सांगावे. ज्योतीरामचे हात दोनच आहेत, पंधराच होतील. नंतर सांगाल ते तुळशीच्या लग्नाला मिळेल, आणि भाव काम सांगाल त्या दिवसाचाच लागेल. नुसते बघायला आलात तरी या."

उद्धवरावांनी वाचलं. "हे पंचांग झालं. यात ओढ कुठंय?"

"ओढ त्यांच्या मनात आहे. आपण तारीख सांगायची. पुढचं त्यांनी ठरवायचं." मग त्यांनी खडू उद्धवरावांच्या हातात दिला. "खाली नाव लिहा. तुमचं. चूक कुणाची ते कळू दे."

उद्धवरावांनी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

पहिले दोन दिवस कुणी आलं नाही. बाया पाटी वाचून जात, बस्स. तिसऱ्या दिवशी मंजुळाबाई आली, ज्योतीरामचे हात खरंच दोन आहेत का ते बघायला, असं ती म्हणाली. बघून झाल्यावर वाट्यांचं माप देऊन गेली. मग कुशाबाई नुसती बघायला आली, आणि कुणी तिला काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी गवराबाई. "मी रागातच हाय अजून," म्हणाल्या आणि डोरल्याचं काम सांगून गेल्या. त्यांच्यामागून दिवे लागेपर्यंत बाया येत राहिल्या.

कोजागरीच्या दिवशी, दुकान उघडायच्या वेळेला, कौशल्याबाई पायरीवर उभी होती.

सावित्रीबाईंना कसं विचारावं कळेना. "कसे आहेत?"

"उठून बसले काल. पेज प्याले." ती आत आली नाही. "दोरा पार विरलाय. पण मला घरी विश्वासाचं कुणी नाही, काढायला. आणि तुमच्याकडे..."

सावित्रीबाईंनी आतून हळदीत भिजवलेला दोरा आणला, त्याला हळकुंड बांधलं, आणि आधी तो कौशल्याबाईच्या गळ्यात बांधला. गाठ दोनदा ओढून बघितली. गळा क्षणभरही मोकळा राहिला नाही याची खात्री झाल्यावरच जुनं मंगळसूत्र वरून काढलं आणि ज्योतीरामच्या हातात न देता आधी हळदीकुंकवाच्या ताटात ठेवलं.

"नवा दोरा दुपारपर्यंत ओवून होईल," ज्योतीराम म्हणाला. "हिचं आधी."

"पंधरा झाली का तुमची?" कौशल्याबाईनं विचारलं.

"तेरा."

"मग चौदावं माझं लिहा. आत्ता नाही. ते घरी आले की वाट्या मोठ्या करायच्या म्हणतात. पण आजच सांगून ठेवते, उद्या तुमचा ज्योतीराम न्हाई म्हणेल."

ती पहिल्यांदा जराशी हसली. उद्धवराव गादीवरून म्हणाले, "बघितलंस? लागू पडली तुझी पाटी."

"लागू पडायला ते औषध होतं का?" सावित्रीबाई फणकारल्या. लाल अक्षरांच्या कापडाचं त्यांनी कधीच फडकं केलं नाही. गुंडाळून कपाटाच्या वर ठेवलं. आणि पुढं कधी उद्धवराव वही घेऊन काही लिहायला बसले, की त्या नुसतं कपाटाच्या वर बघत.