व्यंगचित्राचा अर्धा फोटो

मी एक फोटो बोलतोय. अर्धा फोटो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी बोल लावायला नको. वर्तमानपत्रातल्या एका व्यंगचित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो. माझा जन्म सलूनमधला, नंबर लागायची वाट बघत बसलेल्या एका उतावळ्या गृहस्थाच्या हातचा.

चित्र बघितल्याबरोबर त्याने मांडीवर थाप मारली. "अरे, हे तर आमचे दाजी!"

चित्रात इस्पितळाची लिफ्ट होती आणि लिफ्टमध्ये स्टुलावर एक लिफ्टमन झोपला होता. झुपकेदार मिशा, टोपी नाकावर आलेली. ह्याच्या बहिणीचे यजमानही इस्पितळात लिफ्टमन, मिशाही तशाच. झालं! मिशा ठळक दिसाव्यात म्हणून ह्याने दोन बोटांनी चित्र ताणलं, खालचं आणि उजवीकडचं उडवून टाकलं आणि मला घरच्या ग्रुपवर सोडून दिलं. मागोमाग हसून हसून रडणारे चार चेहरे. मी जीव तोडून ओरडत होतो, 'अहो, माझं खालचं राहिलं!' पण फोटोचं ऐकतंय कोण?

क्षणात मी दाजींच्या मोबाइलवर पोचलो. दाजी तीन आठवडे रजेवर होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळा चष्मा, वाचायला बंदी, त्यामुळे ह्या दिवसांतलं वर्तमानपत्र त्यांनी उघडलंच नव्हतं. त्याच दिवशी दुपारी बाराच्या पाळीला ते पुन्हा हजर होणार होते. सकाळचे दहा वाजले होते आणि डबाही भरून झाला होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मला पार नाकाला लावलं. त्यांना काय दिसलं, ते मला कळत होतं आणि माझा जीव खालीवर होत होता. झोपलेला लिफ्टमन. त्याच्या टोपीपासून लिफ्टच्या बटणांपर्यंत कोळ्याचं जाळं. शेजारी जिन्यावरून एका म्हाताऱ्या पेशंटला खुर्चीसकट उचलून नेणारे दोघं घामाघूम नातेवाईक. माझ्याखाली ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, "उठा आता, पेशंट आलाय!"

दाजी कपाटातून कोरा कागद काढून लिहायला बसले. डोळ्यातून पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं की दुसरं, मला सांगता येणार नाही.

बाहेरच्या खोलीत सूनबाई शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती चहाचा कप न्यायला आत आली आणि कागद बघून थबकली.

"बाबा, राजीनामा? अहो, असं एकाएकी काय झालं?"

"एकतीस वर्षांत कोणाला ताटकळत ठेवलं नाही गं मी. आणि आज पेपरात छापून आलंय, लिफ्टमन झोपतो आणि पेशंट मरतो. नाक कापलं माझं. बाराला जायचं ते हे द्यायला."

"बघू तरी."

तिने मला हातात घेतलं. मला वाटलं, आता हीसुद्धा हसणार. पण बाईचा धंदाच कापडाचा. तिने आधी माझ्या कडा बघितल्या.

"हे कापलंय, बाबा. खाली बघा, काळ्या रेघा दिसतात ना? ह्या अक्षरांच्या शिरोरेषा आहेत. वर एक वेलांटी, एक अनुस्वार. म्हणजे खाली ओळ होती, आणि ती गेली. व्यंगचित्रात अर्धी गंमत त्या ओळीतच असते."

"गंमत!" दाजी करवादले.

"ऐका तर. हे जाळं. माणूस तासभर झोपला तर अंगावर जाळं धरतं का? जाळं म्हणजे महिनेच्या महिने गेले. ते त्याच्यापेक्षा लिफ्टवरच जास्त आहे, बटणंसुद्धा झाकली गेलीत. चित्रकार म्हणतोय, लिफ्ट कधी हललीच नाही. आणि दाराला ह्या तीन फिती लोंबतायत, कापलेल्या. तीन कशाला?"

दाजींनी डोळे किलकिले केले. फिती त्यांना दिसल्याच नव्हत्या.

"नव्या लिफ्टचं उद्घाटन झालं होतं," ते सावकाश म्हणाले. "सांगाडा बसला तेव्हा एकदा. रंग दिला तेव्हा परत एकदा. मला हुकूम आला, नव्या लिफ्टमध्ये हजर राहायचं. ती अजून चालू नाही, तरी चार महिने बसलोय तिथे. पण दोनदाच झालं गं."

"तुम्ही रजेवर असताना तिसरं झालं असेल. ह्या कडेला अर्धा हात दिसतोय, कात्री धरलेला. केवढा मोठा काढलाय! व्यंगचित्रात टोला ज्याला, तो बहुतेक असा मोठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे तिघं जिन्यावरचे. लिफ्टमनकडे एकजण तरी बघतोय का? तिघांच्याही नजरा खाली, जिथे चित्र कापलंय तिथे. तिथे काहीतरी आहे."

मी मनात म्हटलं, गं माझी बाई! अगदी बरोबर!

"म्हणजे माझ्यावर नाही म्हणतेस?"

"अंदाज आहे माझा. पूर्ण चित्र बघितल्याशिवाय शपथ घेणार नाही. मिशा तुमच्याच बघून काढल्यात का, तेही मला ठाऊक नाही."

तिने मामांना, म्हणजे त्या उतावळ्या गृहस्थाला, फोन लावला. तो आता खुर्चीत होता, तोंडाला फेस. "अगं, गंमत केली नुसती! पेपर ना... तो इथेच... अरेरे, न्हाव्याने आत्ताच फाडला की वस्तरा पुसायला!"

अकरा वाजून गेले. दाजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चपला शोधू लागले.

"पाच मिनिटं, बाबा. माझ्यासाठी."

तेवढ्यात दाजींच्या मोबाइलवर मामांकडून नवा फोटो येऊन पडला. थोडा फेस लागलेला, एका कोपऱ्यात फाटलेला, पण पुरा. माझा सख्खा भाऊ! सूनबाईने तो मोठा करून दाजींच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला.

लिफ्टच्या तळातून एक जाड वायर निघून जिन्याच्या पायथ्याशी आली होती. टोकाचा प्लग जमिनीवर तसाच पडलेला. जिन्यावरचे तिघं त्या प्लगकडे बघत होते. उजवीकडे ढेरपोटे साहेब चौथी फीत कापायला कात्री सरसावून उभे होते आणि खाली त्यांचं वाक्य होतं: "लिफ्ट शंभर टक्के तयार आहे. फक्त वर-खाली जायचं तेवढं बाकी आहे!"

शेजारीच बातमी होती. सूनबाईने मोठ्याने वाचली. तिसरं उद्घाटन गेल्या आठवड्यात थाटात झालं, वीजजोडणीचा कागद मात्र दोन कचेऱ्यांमध्ये पाच महिने अडकून पडलाय.

"बघा. साहेब म्हणतात तयार, आणि चित्रात प्लग जमिनीवर. बोलणं आणि दिसणं ह्यात जे अंतर आहे ना, तेच हसण्यासारखं आहे. तुम्ही त्यात बसवलेले आहात, बाबा. चूक तुमची नाही दाखवलेली."

दाजी हळूच म्हणाले, "एकदा डोळा लागला होता गं माझा त्या स्टुलावर. म्हटलं, कोणीतरी बघितलं."

"चालणाऱ्या लिफ्टमध्ये लागला होता का कधी?"

"छे! शक्यच नाही."

आणि मग ते हसले. आधी मिशीतल्या मिशीत, मग खांदे हलायला लागले. "फक्त वर-खाली जायचं बाकी! अगदी असंच बोलतो गं तो माणूस!" राजीनाम्याची घडी त्यांनी सूनबाईच्या हातात दिली, पूर्ण चित्र ग्रुपवर पुढे पाठवलं आणि डबा उचलून पाळीला गेले.

मला त्यांनी पुसून टाकलं नाही. भावाशेजारी मी अजून आहे. पण माझ्या जिवाला स्वस्थता नाही. त्या एका तासात मी अकरा मोबाइलवर गेलो होतो आणि तिथून कुठे कुठे गेलो, मलाच ठाऊक नाही. कुठेतरी दुसरा एखादा मिशीवाला लिफ्टमन आत्ता मला नाकाशी धरून बघत असेल. त्याच्या घरात कडा बघणारी सूनबाई असेलच असं नाही.

तुमच्याकडे आलो तर खुशाल हसा हो. पण आधी माझ्यातली माणसं कुठे बघतायत ते बघा, आणि ज्याने मला पाठवलं त्याच्याकडे माझं खालचं मागा.