मांडवाचा कर्ता

कान्हे गावच्या गणेशला दोन मुलीच, त्यामुळे थोरलीचं लग्न ठरलं तसं साऱ्या भावकीला एकच काळजी लागली, की हे लग्न ओढणार कोण? गणेश बिचारा जवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत पाळीवर जाणारा. त्याला दोन माणसांत तोंड उघडायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. सुपारी फुटली त्या दिवशी श्रीपती आबांनी, म्हणजे भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या माणसानं, नेहमीप्रमाणे लग्न अंगावर घेण्यासाठी बाह्या सावरल्या. तेवढ्यात धाकटी सई पुढे आली आणि म्हणाली, "आबा, ताईचं लग्न मी करणार."

ती काही हवेत बोलत नव्हती. लोणावळ्याच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये मुंबईकरांची लग्नं पार पाडणं हेच तिचं काम होतं, आणि ते तिला झकास जमायचं. लग्नाचं ॲप उघडलं की पाहुण्यांची यादी, पत्रिका, खर्च, कुणी काय करायचं, सारं तिच्या बोटांवर नाचायचं. आबांनी सावरलेल्या बाह्या परत खाली घेतल्या. मग म्हणाले, बरं, कर. पण कुठं अडलं तर लग्न माझ्याकडे येईल. सईनं ते हसत हसत कबूल केलं, कारण आपण अडणार नाही याची तिला खात्री होती.

आणि सुरुवातही झोकात झाली. तिनं सगळ्यांना ॲपमध्ये घेतलं. पत्रिका प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर गेली, खाली 'येणार' आणि 'येणार नाही' अशी दोन बटणं. मंडप, आचारी, फुलं, प्रत्येकाचा अंदाज एका बाजूला आणि झालेला खर्च दुसऱ्या बाजूला, मर्यादा ओलांडली की आकडा लाल. आई रंजनाकडे साड्यांचं काम, वडिलांकडे मांडवाच्या विजेचं. काम उरकलं की त्यासमोर 'झाले' दाबायचं. गणेश मात्र त्या बटणाला बोट लावायला धजायचा नाही. भलतंच काही दाबलं आणि लग्नच पुसलं गेलं तर, अशी त्याला धास्ती. त्याच्या नावचं 'झाले' रंजनाच दाबायची.

वऱ्हाड वराळे गावचं, नवरामुलगा प्रितम, त्यांच्याकडून भराभर होकार आले. सईच्या ऑफिसातल्यांनीही कळवलं. फक्त भावकीच्या नावापुढे 'उत्तर नाही' एवढंच दिसत राहिलं. सईला वाटलं, बघितलं नसेल.

मग घाण्याचा दिवस उजाडला. लग्नाआधी भावकीतल्या सवाष्णींनी यायचं, जात्याला हळकुंड बांधायचं, गाणी म्हणत हळद दळायची, त्याशिवाय लग्न लागलं असं गाव मानतच नाही. जातं सारवून ठेवलं होतं, पाट मांडले होते, नवरी आसावरी नवी साडी नेसून बसली होती. पण एकही बाई आली नाही. रंजना दारात आत-बाहेर करत राहिली आणि शेवटी जात्याजवळ बसून रडायला लागली.

सईनं ॲप उघडलं आणि तिला कारण दिसलं. उत्तराची मुदत संपत आली, म्हणून ज्यांनी बटण दाबलं नव्हतं त्या सगळ्यांना सकाळीच आठवण गेली होती. 'कृपया आपली उपस्थिती कळवा. उत्तर न आल्यास आपली जागा राखून ठेवता येणार नाही.' लोणावळ्यात हे वाक्य ती रोज पाठवायची. तिथं ताटामागे पैसे, जो कळवत नाही तो मोजायचाच नाही. तीच सोय तिनं जशीच्या तशी घरच्या लग्नाला लावली होती. आपल्याच चुलत्या-मालत्यांना तिनं जागा राहणार नाही म्हणून कळवलं होतं.

गणेश टोपी घालून निघाला. आबांच्या पाया पडतो, लग्न त्यांच्या हाती देतो, म्हणाला. सईनं त्याला दारातच थांबवलं. चूक माझी आहे, मीच जाते, म्हणाली. आणि तशीच आबांच्या घरी गेली.

आबा ओट्यावर बसले होते, शेजारी भावकीतल्याच सावित्राबाई काकू. आबांनी फोन तिच्यापुढे धरला.

"आमच्याच मांडवात आमी येनार का न्हाई, हे तू आमाला इचारतीस? आन् जागा राखनार न्हाई म्हंतीस. आगं, पाहुनं हाय का आमी?"

ॲपनं आपोआप पाठवलं, असं सांगून सुटता आलं असतं. सई म्हणाली, "आबा, ते मीच लावलं होतं. चुकलं माझं." आणि ती त्यांच्या पायाशी बसली. आबांचा तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. पाहुणे आहोत का आम्ही? नव्हतेच ते! भावकी पंगतीला बसत नाही, पंगत वाढते. मग त्यांची नावं पाहुण्यांत आलीच कशी? तिनं तिथंच एकेक नाव पाहुण्यांच्या यादीतून काढलं आणि यजमानांत घातलं. आता त्यांना कुणी 'येणार का' विचारणार नव्हतं, आणि त्यांना स्वतःही कुणाला काम नेमून देता येणार होतं.

"आबा, पंगतीचं कोण बघणार?" तिनं विचारलं.

आबांनी हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "गेणूबिगर कोन? त्याच्या पंगतीतनं कुनी उपाशी उटत न्हाई."

तिनं नाव टाकलं, आणि पलीकडच्या अंगणात गेणूचा फोन वाजला. पाण्याचं कोण, वऱ्हाडाच्या उतारीचं, म्हणजे त्यांना उतरवून घ्यायचं कोण, आबा सांगत गेले आणि आळीभर फोन वाजत गेले. आबांना त्याची भलतीच गंमत वाटली. बोललं की अक्षरं उमटतात ते माइकचं चिन्ह तिनं त्यांना दाखवलं, तेव्हा तर ते फोन सोडेनात. आचाऱ्याला आकडा लागणार होताच. तो काकूंनी दिला. आमंत्रण चूलबंद आहे, म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी चूल पेटणार नाही, घरटी सगळी माणसं धर, म्हणाल्या. मग हळदकुंकू आणि अक्षता घेऊन सई घरोघर फिरली. उन्हं कलायच्या आत जातं गरगरायला लागलं, आणि काकूंची पहिली ओवी ऐकून रंजना पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

लग्न असं झालं की वराळ्याची माणसं बघत राहिली. उतारीपासून पंगतीपर्यंत कुठं आरडाओरडा नाही, कुठं शोधाशोध नाही. एकेक काम 'झाले' होत होतं आणि खर्चाचा एकही आकडा लाल नव्हता. सईची छाती अभिमानानं भरून आली होती, आणि का येऊ नये?

अक्षता पडल्यावर आबांनी मानाचे फेटे पुकारले. व्याह्यांना झाला, मामांना झाला, गणेशला झाला. शेवटचा फेटा मांडवाच्या कर्त्याचा, म्हणजे ज्यानं लग्न ओढलं त्याचा. तो बाईमाणसाला बांधल्याचं कान्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. सई मागे आचाऱ्याशी बोलत होती. आबांनी नाव पुकारलंच नाही, फोन तोंडाशी धरून काहीतरी पुटपुटले. इकडे सईचा फोन थरथरला.

'नवीन काम. सईने मांडवात येऊन कर्त्याचा फेटा बांधून घेणे. नेमणारे: श्रीपती आबा. मुदत: आज.'

तिनं मान वर केली तर सगळा मांडव तिच्याकडेच बघत होता. ती पुढे गेली. आबांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला, तुरा नीट केला, आणि म्हणाले, "नडली व्हतीस, पन आडली न्हाईस."

सईचे डोळे इतके भरले की हातातला फोन तिला दिसेना. तेव्हा गणेशनं तो अलगद काढून घेतला, आयुष्यात पहिल्यांदा ते बटण शोधलं, आणि लेकीच्या नावापुढे 'झाले' दाबलं.