फाशांच्या मामाचं बारसं

लेखिकेची कादंबरी अडली होती एका मामाच्या नावावर. जुन्या महाकाव्यातली गोष्ट तिने नव्याने लिहिली होती आणि संपादकबाईंची अट एकच होती: नाव ऐकताच मूळ माणूस आठवावा, पण नाव त्याचं नसावं. बाकी सगळ्यांची बारशी उरकली, राहिला फाशांचा कपटी मामा. संध्याकाळपर्यंत नाव मिळालं नाही तर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं. मूळ नाव सारखं तोंडात येतं म्हणून तिने ते घरात उच्चारायलाही बंदी घातली होती.

आधी तिने नुसता अनुस्वार चढवून पाहिला. फोनवर बाई म्हणाल्या, "हे टोपी घातलेलं मूळच आहे."

मग कपटसेन.

"अहो, नावातच गुन्हा कबूल केला, मग वाचक पुढे वाचेल कशाला?"

मूळ नावाचा अर्थ पक्षी, म्हणून विहंग. अर्थ चोख, पण कानाला काहीच आठवेना. म्हणजे अर्थही हवा आणि आवाजही. तिने मूळ अक्षरं सुटी केली: श, क, न. क खालचा उकार उचलून श ला दिला आणि खुर्चीतच उडाली. शुकनाथ! अक्षरं त्याच क्रमाने, आणि शुक म्हणजे पक्षीच.

आता कानाची परीक्षा. बाहेर तिचा धाकटा भाऊ भाचीशी पत्ते खेळत होता आणि नेहमीप्रमाणे लबाडी करून तिची चॉकलेटं जिंकत होता.

"शुकनाथ म्हटलं की कोण आठवतं रे?"

"फाशांवाला मामा!" भावाने क्षणात सांगितलं. "काय नालायक माणूस. मामा म्हणवून भाच्यांना कोण असं लुबाडतं?" आणि त्याने आणखी एक चॉकलेट ओढलं.

लेखिकेने हर्षाने फोन उचलला. तेवढ्यात भाचीने विचारलं, "आई, शुक म्हणजे काय?"

लेखिकेने फोन परत खाली ठेवला. कारण भावाला लहानपणापासून सगळं घर एकाच नावाने हाक मारायचं.

"पोपट," ती पुटपुटली.

भावाने हातातले पत्ते पाहिले, चॉकलेटांचा ढीग पाहिला. पोपटाचा पार पोपट झाला होता.

"ताई, तू माझ्यावर लिहिलंस?"

"नाही रे! देवाशपथ, अक्षरं जुळली म्हणून!" तिचे डोळे भरून आले. पुस्तक गेलं तर पुढच्या वर्षी येईल, हा रुसला तर कुठून आणायचा? "बदलते मी. विहंग करते."

भावाने पत्ते गोळा केले. मग त्याने हळूच विचारलं, "तो फाशांत किती वेळा हरतो?"

"एकदाही नाही."

"मग राहू दे," म्हणत पोपटाने पत्ते पिसायला घेतले.