मंगळवारचे अडीच

सांबार पोडीची, म्हणजे सांबार मसाल्याची, जाहिरात किती वाजता टाकायची यावरून विनुताशी वाद झाला, तेव्हा राजममावशीला मनातून बरंच वाटलं. भांडायला का होईना, घरात कुणाचा तरी आवाज आला होता.

विनुता तिच्या बहिणीची मुलगी, चेन्नईत नोकरीला. मावशी तंजावुरात मसाले भाजायची, विनुता ते इन्स्टाग्रामवर विकायची. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी गरम पाण्यात विरघळणारं रसमचं पाकीट, ते खपायचं. गृहिणींसाठी अर्ध्या किलोची पोडी, ती मात्र पडून होती.

"मावशी, आकडे बघ ना! आपली माणसं रात्री आठला सर्वांत जास्त ऑनलाइन असतात."

"ती पाकीटवाली माणसं! ऑफिसातून सुटलेली. आठला बाई दोसा उलटवील की तुझी पोस्ट बघील?"

विनुतानं आकडे पुन्हा पाहिले. खरंच की, इन्स्टाग्रामच्या पानावर सगळे ऑफिसवालेच जमले होते, आणि आकडे त्यांचेच होते.

"मग कधी?"

"तीनला."

मावशीला ते सांगायला आकडे लागले नाहीत. एके काळी या घरात ती धरून तीन जावा आणि सासू होत्या. जेवणं, भांडी, धान्य निवडणं उरकून तीनला चौघी गार फरशीवर पाय पसरून बसायच्या. तेवढाच तास त्यांचा. आता तीनला फरशी तशीच गार असते, बसायला ती एकटी.

महिनाभर हातानं टाकून बघायचं ठरलं. रोज तीनला, चहाच्या सुट्टीत, विनुताचा फोन यायचा. "मावशी, टाक गं." मावशी चष्मा लावून बटण दाबायची. मग दोघी पाच मिनिटं मेसेजची वाट बघत बोलायच्या. रसमची पोस्ट पूर्वीसारखीच आठला जात राहिली. पोडीला मात्र गृहिणींचे मेसेज येऊ लागले: ताजी आहे का, तिखट किती, घरपोच मिळेल का.

महिना संपला. विनुता खुशीत होती. "जिंकलीस! आता तीनची वेळ लावूनच ठेवते. पोस्ट आपोआप जाईल. तुला काही करायला नको."

काही करायला नको. मावशीनं भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडराकडे पाहिलं.

"मंगळवारी तीनला राहुकाळ लागतो. त्या वेळी आपल्याकडच्या बायका नवं काही मागवत नाहीत. मंगळवारी अडीच."

"अय्यो मावशी, अडीचही लावता येतं की!"

फोनमध्ये फक्त मावशीच्या पंख्याची घरघर ऐकू जात होती.

"बरं," विनुता हळूच म्हणाली, "मंगळवारचं हातानंच टाकू. अडीचला फोन करते. जागी राहा हं."

"मी झोपते कुठे गं," मावशी म्हणाली. फोन ठेवून तिनं पुढच्या मंगळवाराभोवती पेन्सिलीनं गोल काढला. आज अजून बुधवारच होता.