दिवाण बूच कधी गेले

अनंतराय वैष्णवांनी खीरधार संस्थानाच्या दिवाणांची यादी केली, तेव्हा अख्ख्या काठियावाडात तिचं कौतुक झालं. कोण कधी आला, कधी गेला, सगळं दप्तरातून काढलेलं. आता दुसरी आवृत्ती निघायची होती, म्हणून स्वारी राजकोटच्या दप्तरखान्यात बसून जुनी राजपत्रं चाळत होती. चाळता चाळता एका इंग्रजी सूचनेवर बोट थांबलं. लाभशंकर बूच यांच्याकडून जटाशंकर ओझा यांनी दिवाणगिरीचा कार्यभार घेतला, सोमवार, १४ ऑगस्ट १८९९.

अनंतरायांच्या पुस्तकात मात्र छापलं होतं, ऑगस्ट १९००.

"छापखान्याची चूक," ते मोठ्यानं म्हणाले.

समोर दप्तरखान्याचे मांकडभाई चहा पीत होते. "राजपत्राच्या की तुमच्या?"

"माझ्याकडे ओझांच्या नेमणुकीचा मूळ हुकूम आहे. श्रावण सुद आठम, संवत १९५६. संवतातून छप्पन वजा केले की झालं."

"खीरधार हालारातलं, जामनगरकडचं संस्थान, भाई! तुमच्या भावनगरला वर्ष दिवाळीनंतर बदलतं, हालारात आषाढातच. त्यांचा छप्पनचा श्रावण म्हणजे तुमचा पंचावन्नचा. जामनगरची बायको केली असती तर दरवर्षी बोलणी खाऊन पाठ झालं असतं."

अनंतराय हसले नाहीत. हुकमावर वारही होता, सोम. त्यांनी जुनं पंचांग मागवलं. १९०० सालची श्रावण सुद आठम, म्हणजे शुद्ध अष्टमी, शुक्रवारी येत होती. १८९९ सालची सोमवारी. झालं, वाद मिटला!

 पण प्रश्न एका वर्षाचा नव्हता, प्रश्न छप्पनियाचा होता, संवत १९५६च्या दुष्काळाचा. त्या दुष्काळात, माघ महिन्यात, दरबारची धान्यकोठारं बंद करण्याचा हुकूम निघाला आणि वेशीबाहेर माणसं मेली. हुकमावर नाव नाही, नुसता दिवाणाचा शिक्का. माघ दोन्ही गणनांत एकच, म्हणजे फेब्रुवारी १९००. तेव्हा दिवाण कोण, हे यादीवरून ठरायचं. अनंतरायांच्या यादीनं बूच ठरवले होते. खरं तर बूच सहा महिन्यांपूर्वीच घरी बसले होते.

आणि बूचांची पणती तरुलताबेन दोनदा लिहून सांगत होती, "आमचे पणजोबा छप्पनियाआधीच दिवाणगिरीतून सुटले होते." अनंतरायांनी उत्तर पाठवलं होतं, "घरातल्या गप्पा म्हणजे इतिहास नव्हे, बेन." वर ते भाषणात वाचून टाळ्याही घेतल्या होत्या. गेल्या वर्षी पुस्तकाचा दाखला देऊन खीरधारच्या वाचनालयावरचं बूचांचं नाव उतरवलं गेलं. छिन्नीनं. त्या कार्यक्रमाचे पाहुणे कोण? हेच!

एवढा शिकलेला माणूस, पण वाराकडे बघायचं सुचलं नाही. शरम अशी वाटली की मांकडभाईंच्या नजरेला नजर देववेना. राजपत्राची नक्कल घेऊन त्यांनी खीरधारची बस पकडली.

तरुलताबेन नागरवाड्यात एकट्या राहत. दुपारची वेळ, गल्लीत बायका ओट्यांवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अनंतराय मान खाली घालून घरात शिरले आणि शिरता शिरता दार लोटून घेतलं.

"या वैष्णवसाहेब," बेन म्हणाल्या. पाणी दिलं. बसा म्हणाल्या नाहीत.

त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. हालारी वर्ष, सोमवार, राजपत्र. "माझी चूक झाली, बेन. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतो. तळटीप देतो."

"तळटीप," बेन म्हणाल्या. "बारीक अक्षरात?"

अनंतरायांनी राजपत्राची नक्कल बेनपुढे धरली.

"आणि हे मला कशाला सांगायला आलात? मला तर ठाऊकच होतं." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त झोंबलं. "माझ्या भावाच्या मुलीचं स्थळ मोडलं, भाई. उपाशी माणसांच्या तोंडचं धान्य ओढणाऱ्यांचं घराणं, म्हणाले. समोरची शारदाबेन. आधी रोज छाश, ताक न्यायला यायची, आता फिरकत नाही."

"माफ करा..."

"दार का लावलंत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. आपण ते लावलंय हे त्यांना आत्ता कळलं, आणि का लावलं हेही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बेन उठल्या, दोन्ही फळ्या सताड उघडल्या. ओट्यांवरचे हात थांबले.

अनंतराय उंबऱ्यावर आले. सभा गाजवणारा माणूस, पण आवाज खालचाच निघाला. "मी अनंतराय वैष्णव," ते म्हणाले. "दिवाण बूचांबद्दल मी जे लिहिलं, ते खोटं आहे. कोठारं बंद झाली तेव्हा ते दिवाण नव्हतेच."

 समोरच्या ओट्यावरची म्हातारी कानाशी हात नेऊन बघत राहिली.

"मोठ्यानं," तरुलताबेन मागून म्हणाल्या. "शारदाबेनना कमी ऐकू येतं."