एकोणसाठावा प्रश्न

रिझनिंगच्या मॅडमचं वर्गात एक पालुपद होतं. सांकेतिक भाषेचा धडा आला की त्या खडू हातावर आपटत म्हणायच्या, "तुम्हाला काय माहीत आहे ते घरी ठेवून या. दोन वाक्यांत जो शब्द समान, त्याचा संकेतही दोन्हीकडे समान. संकेतांची जागा मागेपुढे होईल, त्यावर जाऊ नका. बाकी सगळ्या थापा." बावीस वर्षं हेच. मुलं त्यांची नक्कल करायची, खडूसकट.

त्यामुळे निकालाच्या दुसऱ्या दिवशी शिवणवाली प्रश्नपत्रिका घेऊन टीचर्स रूमच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिने मॅडमचंच हत्यार आणलं होतं. ही बाई दिवसभर दुकानात कपडे शिवायची आणि संध्याकाळी क्लासला यायची. मोफत निवासी बॅचच्या दहा जागांसाठी परीक्षा झाली होती आणि ती एका मार्काने अकरावी आली होती. सरकारी परीक्षेला बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. दहावी होती मॅडमची सख्खी भाची.

"मॅडम, एकोणसाठावा प्रश्न. 'पाणी'चा संकेत कसा काढायचा तेवढं सांगता?"

तिने कागद पुढे केला. तिन्ही वाक्यं तिने पेन्सिलीने नीट उतरवली होती.

'आई गरम पाणी देते' – 'रूना लिमो टिपा झेको'
'गरम पाणी नको' – 'झेको पुसा लिमो'
'आई नको म्हणते' – 'टिपा वेदू पुसा'

"पहिल्या आणि तिसऱ्यात 'आई' समान, म्हणून टिपा," शिवणवाली म्हणाली. "दुसऱ्या-तिसऱ्यात 'नको', म्हणून पुसा. मग देते रूना, म्हणते वेदू. पण 'गरम' आणि 'पाणी' जिथे जातात तिथे जोडीनेच जातात. लिमो आणि झेको पण जोडीनेच. कोणता कोणाचा, ते कसं कळणार? मी 'निश्चित सांगता येत नाही' या पर्यायावर खूण केली. उत्तरतालिकेत लिमो आहे."

मॅडमनी कागदावर नजर टाकली. पोरीचं, म्हणजे बाईचं, अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

आणि तरी त्यांच्या तोंडून निघालं, "नीट बघा, निघतं. तालिका तज्ज्ञांनी तपासलेली असते."

तज्ज्ञ म्हणजे त्या स्वतःच.

"बरं मॅडम," ती म्हणाली. वाद नाही, कुरकुर नाही. "माझंच काही चुकत असेल." कागदाची घडी घालून ती गेली. लेखी हरकती घ्यायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. ती तिने विचारलीही नाही आणि मॅडमनी सांगितलीही नाही.

चूक कशी झाली हे त्यांना लगेच आठवलं. मुळात वाक्यं चार होती. चौथं होतं 'थंड पाणी आण' – 'सोगा लिमो नापी'. त्यात 'पाणी' एकटं येत होतं, 'गरम'ला सोडून, आणि लिमोही झेकोला सोडून. म्हणजे उत्तर सुटत होतं. पण टायपिस्ट म्हणाला, "मॅडम, एक ओळ पुढच्या पानावर जातेय, पान वाया जाईल." त्यांनी घाईत म्हटलं, "मग शेवटची काढ, तिच्याशिवायही कळतंय." तिच्याशिवाय कसं कळत होतं, हे मात्र त्यांना कळेना. बावीस वर्षांत अशी चूक त्यांनी केली नव्हती.

दुपारी घरी गेल्या. बहिणीची ही मुलगी शाळेत असल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. सगळे तिला चिंगी म्हणत. चिंगी पलंगावर पसरून बॅग भरायची यादी करत होती, कारण बॅच सोमवारी सुरू होणार होती.

"मावशी, येताना लिमो आण ना," ती न बघताच म्हणाली.

मावशी दारातच थिजली.

चिंगी आठ वर्षांची असताना त्या दोघींनी एक चोरटी भाषा केली होती, पाहुण्यांसमोर बोलायला. पाहुणे गेले, बाकीचे शब्दही विरले, पण पाण्याला लिमो हे घरात राहून गेलं. त्या घरात गेली बारा वर्षं कोणी 'पाणी' मागितलंच नव्हतं. पेपर काढताना काही अर्थहीन शब्द हवे होते, आणि हाताला आला तो घरचाच. म्हणून तर त्यांना चौथी ओळ जास्तीची वाटली होती! जे घरी ठेवून यायचं, तेच त्या पेपरात घेऊन गेल्या होत्या.

त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. "चिंगे, एकोणसाठावा कसा सोडवलास?"

चिंगीने ग्लास बाजूला ठेवून पुन्हा यादी हातात घेतली.

"खरं सांग."

"सुटत नव्हता," चिंगी म्हणाली. "दोन्ही शक्य होते. मी 'सांगता येत नाही'वर खूण करणारच होते. मग लिमो दिसलं. म्हटलं, पेपर तू काढलायस, तुला लिमोच हवं असणार." मग एकदम उसळून म्हणाली, "मी काही चोरी नाही केली मावशी! पेपर मी आधी पाहिला नव्हता."

"नाही केलीस. चूक माझी आहे."

"मग गप्प बस ना! कोणाला कळणार आहे?"

हाच तर प्रश्न होता. भाची परीक्षेला बसतेय हे मॅडमनी क्लासच्या संचालकांना लेखी कळवलं होतं. ते हसून म्हणाले होते, "तुमच्यावर नाही तर कोणावर विश्वास ठेवायचा?" त्या वाक्याची आता त्यांना शरम वाटत होती. चिंगीही काही कमी राबली नव्हती. आणि बहिणीला त्यांनी कालच फोन करून सांगितलं होतं, पोरीचं नशीब उघडलं म्हणून.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मावशीने न जेवताच चपला घातल्या.

"मावशी, तू जाऊ नकोस," चिंगी म्हणाली, पण मावशी जिना उतरू लागली होती.

संचालकांनी प्रश्नपत्रिकेतला एकोणसाठावा प्रश्न दोनदा वाचला. "पण कोणाची हरकत आलेली नाही मॅडम."

"आली होती. मी तिला परत पाठवलं," मॅडम म्हणाल्या. "हरकत माझी लिहून घ्या. आणि लिमो हा आमच्या घरचा शब्द आहे, तेही लिहा."

सगळे पेपर नव्या उत्तराने तपासले गेले. शिवणवालीचा एक मार्क वाढला, चिंगीचा एक कमी झाला. बाकी नऊ जागा जशाच्या तशा राहिल्या. मॅडमना पेपर काढण्याच्या कामातून बाजूला केलं, ते त्यांनी स्वतःच मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली धावत आली. "मॅडम, तुम्ही माझ्यासाठी भांडलात म्हणे! तुमचे उपकार कसे फेडू?" ती वाकून पाया पडू लागली, तशा मॅडम घाईघाईने मागे सरकल्या. 'मी तुम्हाला खोटं बोलून घालवलं होतं' हे वाक्य ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी सांगितलं, सगळं, तालिकेपासून मुदतीपर्यंत. वाकलेली शिवणवाली सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, मलाच अक्कल नाही." आणि निघून गेली.

संध्याकाळी चिंगी पलंगावर होती, भिंतीकडे तोंड करून. अर्धी भरलेली बॅग तशीच उघडी पडली होती. मावशीने दोन ताटं वाढली आणि हाक मारली. चिंगी उठून ताटावर बसली, चार घास गिळले, आणि मान वर न करता म्हणाली,

"मावशी, पाणी दे."