शनिवारी अडवलेला पत्ता

आमच्या संस्थेत इंटरनेट बंद करणं हे शौर्याचं काम समजतात आणि चालू ठेवणं हे नोकराचं. मी दोन्ही करते, त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घेते.

सौंसरला आमची निवासी शाळा आहे, जोडीला कोचिंग. मुलांचे मोबाईल आठवडाभर वॉर्डनच्या कपाटात कुलूपबंद असतात. लॅपटॉप मात्र ज्याचा त्याच्याकडे, कारण अभ्यास त्याच्यावर. मी वृषाली, लॅब सांभाळते, रोज पांढुर्ण्याहून बसने येते. त्या आठवड्यात माझा अर्धा जीव माझ्या भाचीत अडकला होता. तेजस्विनी आमच्याच शाळेतून बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला छिंदवाड्याचं सरकारी कॉलेज हवं होतं. घरून, रामाकोन्याहून, तिथे जाणं-येणं जमलं असतं, सुटीत आईला हातभार लावता आला असता. कॉलेजांच्या पसंतीची यादी ऑनलाइन भरायची होती. साईट शुक्रवारी उघडली आणि शनिवारी पाचला बंद होणार होती. गावात नेट धड चालत नाही, म्हणून मीच तिला हॉस्टेलवर थांबवून घेतलं. माझ्या लॅबमधून बिनघोर भरता येईल, असं मी तिला सांगितलं होतं. बिनघोर हा शब्द माझाच.

आता संस्थेचं दुखणं सांगते. कुठलीही साईट उघडायची तर ब्राउझर आधी कुणाला तरी विचारतो, की या नावाचा पत्ता काय. आमच्याकडे तो प्रश्न संस्थेच्या सर्व्हरकडे येतो. नाव वेबसिरीजचं असलं की सर्व्हर पत्ता देत नाही, झालं काम. पण आताच्या ब्राउझरमध्ये एक सोय असते. हाच प्रश्न तो बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला बंद पाकिटातून विचारू शकतो, आणि ते पाकीट वरून साध्या वेबसाईटच्या रहदारीसारखंच दिसतं. आत काय आहे ते मला वाचता येत नाही. लॅबच्या मशिनांवर मी ती सोय बंद करून टाकली होती, कारण मशिनं आमची. मुलांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर माझा काय हक्क?

मग उरतो एकच उपाय. असे बाहेरचे सर्व्हर शोधायचे आणि त्यांचे पत्ते फायरवॉलवर अडवायचे. मोठे, नावाजलेले सर्व्हर मी पहिल्याच दिवशी अडवले. मुलांनी दुसरे घेतले. ते अडवले, तर तिसरे घेतले. जगात कोण कुठे नवा सर्व्हर उघडतो याची खबर मला कोण देणार? संध्याकाळपर्यंत मी घाम गाळून दार लावावं आणि सकाळी मुलं खिडकीतून आत, असा आमचा नित्यक्रम झाला होता. आमचे संचालक मोरेश्वर सर मात्र पालकसभेत छाती फुगवून सांगून आले होते, की आमच्या नेटवर अभ्यासाशिवाय काही उघडतच नाही.

शेवटी अंकुश नावाच्या अकरावीच्या पोराने कहरच केला. एका मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर त्याने स्वतःचाच सर्व्हर थाटला. मी त्याचं नाव अडवलं, तर त्याने चहा पिऊन होईस्तोवर नवं नाव घेतलं. नावं बदलत होती, पण खालचे पत्ते त्या कंपनीचेच होते, म्हणून सर म्हणाले की पत्तेच बंद करून टाका. मी त्यांना समजावलं, की त्या पत्त्यांवर एकटा अंकुश राहत नाही. हजारो साईट त्याच पत्त्यांच्या आडोशाला असतात, पत्ता बंद केला की त्या सगळ्या बंद. कुठल्या कुठल्या, हे मलाही आधी सांगता येणार नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त आवाज वाढवला.

"मॅडम, तुम्ही मले काहून नाई होत हेच सांगून राहिल्या. पालकांले मी काय सांगू? करून टाका आजच."

तो शनिवार होता. शनिवारी आमचं हॉस्टेल वॉर्डनसकट जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातं आणि रात्रीचं जेवण करूनच परततं. त्यामुळे फायरवॉलचे सगळे बदल आम्ही शनिवारी करतो. लाईनवर कोणी नसतं, कोणाची ओरड येत नाही. ओरड आली नाही म्हणजे काही बिघडलं नाही, असं आम्ही धरून चालतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि आम्हाला ते शहाणपणाचं वाटायचं.

दुपारी मी पत्त्यांचा तो अख्खा गट अडवला. चारदोन नेहमीच्या साईट उघडून पाहिल्या, त्या चालल्या. तेजस्विनीला लॅबची किल्ली दिली, ती जेवून येते म्हणाली. मी बस पकडली. सरांना कळवलं, त्यांचा अंगठा आला.

रविवारी मोबाईल हातात मिळाल्यावर तिचा फोन आला. यादी भरलीच गेली नव्हती. दीडपासून पाचपर्यंत ती लॅबमध्ये बसून होती. पान उघडायचं नाही, गोल गोल फिरायचं, मग संदेश यायचा की साईटशी संपर्क होत नाही. सरकारी साईट आहे, शेवटचा दिवस आहे, गर्दीने सर्व्हर बसला असेल, असं तिला वाटलं. असं कोणाला नाही वाटणार? आपल्याकडे सरकारी साईट बसली तर कोणी तक्रार करत नाही, पाणी पिऊन येतात आणि पुन्हा बटण दाबतात. शिवाय वॉर्डन देवळात आणि तिचा मोबाईल कपाटात. विचारायचं कोणाला?

मी तसंच सौंसर गाठलं, तो गट उघडला आणि पान पटकन आलं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, मुदत संपली. कौन्सिलिंगच्या हेल्पलाईनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, की पुढच्या फेरीत भरा. पुढच्या फेरीत छिंदवाड्याला काय उरणार, ते तिलाही माहीत होतं.

सरांकडे गेले. त्यांना वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण त्यांचं लगेच पुढचं वाक्य होतं, की पोरांचं तर बंद झालं ना? मी म्हटलं, उद्या सांगते. मला तेव्हा तेही माहीत नव्हतं.

उत्तर तेजस्विनीनेच दिलं. दुसऱ्या फेरीत तिला रीवा मिळालं, मध्य प्रदेशाच्या पार दुसऱ्या टोकाला. जायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली. रडली नाही, याचाच मला जास्त त्रास झाला. तिच्या मनात एक शंका राहून गेली होती. त्या शनिवारी काही पोरं जामसांवलीला गेली नव्हती, लॅबशेजारच्या वाचनालयात बसली होती.

"मावशी, त्यायची सिरीज तर दिवसभर चालू होती. मले हसणं ऐकू येत होतं. म्हणूनच मले वाटलं नेट चांगलं हाय, साईटच बसली असंन. त्यायचं कसं काय चालू होतं?"

अंकुशला कळायला पाच मिनिटंही लागली नसतील. एक बंद झालं, त्याने दुसरीकडचा सर्व्हर घेतला. त्याला जायला शंभर वाटा होत्या. तिच्या साईटला पत्ता एकच होता.

"त्यायले अडवाले मी तो पत्ता बंद केला होता," मी म्हटलं. "त्यायनं वाट बदलली. अडली फक्त तू."